नोकरी सोडताना मॅनेजरबद्दल काय लिहावं, कसं लिहावं

ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये मी बरीच वर्षं एचआरचं काम करते आहे. राजीनामा दिलेल्या माणसाशी शेवटच्या आठवड्यात बोलायचं, त्याने भरलेला एक्झिट फॉर्म वाचायचा आणि तिमाही संपली की त्या सगळ्या फॉर्ममधून काय निघतं ते वरिष्ठांपुढे मांडायचं, हे माझ्या कामातच येतं. या फॉर्ममधली सगळ्यात अवघड चौकट म्हणजे ‘तुमच्या मॅनेजरबद्दलचा अनुभव’. पहिली नोकरी सोडणारी मुलं तिथे आली की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण ‘सगळं छान होतं, चांगली संधी मिळाली म्हणून जातोय’ एवढं लिहून मोकळे होतात. काही जण साठलेला सगळा राग एका परिच्छेदात ओततात. पहिल्या प्रकारात माहितीच नसते. दुसऱ्यात असते, पण ती विशेषणांखाली इतकी दबलेली असते की वाचणारा ‘जाताना चिडला होता’ असं म्हणून फॉर्म बाजूला ठेवतो. वाईट वाटतं ते याचंच, कारण त्या रागामागचं कारण पुष्कळदा खरं असतं आणि दुरुस्त करता येण्यासारखंही असतं.

ज्यांच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ज्यांना ते नीट पोचवायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्या प्रकारच्या मॅनेजरांबद्दल न लिहिता मी एकच प्रसंग शेवटपर्यंत नेते. ऐरोलीतली एक बॅक ऑफिस कंपनी, विम्याचे दावे तपासणारी नऊ जणांची टीम आणि डोंबिवलीहून येणारा एक मुलगा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण अशी तक्रार या भागात काम करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल. मॅनेजर शिफ्टचं रोस्टर फार उशिरा लावायचा, ही ती तक्रार.

फॉर्म कुणाच्या हातात जातो

राजीनामा मंजूर झाला की सिस्टीममध्ये शेवटची तारीख लागते. त्या तारखेच्या आठवडाभर आधी पोर्टलवरून फॉर्मची लिंक येते. त्यात एक ते पाच गुण देण्याचे काही प्रश्न असतात आणि लिहिण्यासाठी दोन-चार चौकटी असतात. मग एचआरबरोबर अर्ध्या-पाऊण तासाची बैठक होते. बऱ्याच कंपन्यांत फॉर्म भरणं हा क्लिअरन्सचा भाग असतो, म्हणजे लॅपटॉप आणि आयकार्ड परत करण्यासारखंच तेही करावं लागतं.

फॉर्म आधी एचआर वाचतं. मॅनेजरच्या वरच्या माणसाकडे साधारणपणे त्याचा सारांश जातो. खुद्द मॅनेजरला मूळ मजकूर सहसा दाखवत नाहीत. तरीही नऊ जणांच्या टीममधून त्या तिमाहीत एकच माणूस गेला असेल, तर सारांशातलं वाक्य कुणाचं हे मॅनेजरला लगेच कळतं. ‘गोपनीय’ असं वर लिहिलेलं असलं तरी लहान टीममध्ये तुम्ही निनावी राहत नाही. म्हणून लिहिण्याआधी एचआरला सरळ विचारा, ‘हे मॅनेजरपर्यंत कोणत्या स्वरूपात पोचतं?’ या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. उत्तर गोलमाल आलं, तर मॅनेजर हे वाचणार आहे असं धरूनच लिहा. त्याच्यासमोर बसून जे वाक्य तुम्ही शांतपणे म्हणू शकाल, ते फॉर्ममध्ये चालतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे अपेक्षा चुकीच्या राहणार नाहीत. एका फॉर्मवरून मॅनेजर बदलला असं क्वचितच होतं. आम्ही पाहतो ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीकडे. वर्षभरात एकाच टीममधून गेलेल्या तिघांनी ‘मॅनेजर वाईट आहे’ असं लिहिलं, तर तीन मतं जमा होतात. तिघांनी ‘रोस्टर रविवारी रात्री यायचं’ असं लिहिलं, तर मला रोस्टरच्या तारखा काढून पडताळता येतं आणि वरच्या माणसासमोर कागद ठेवता येतो. तुमच्या फॉर्ममधली तारीख अशी दुसऱ्याच्या फॉर्मला जोडली जाते, कधी कधी तुम्ही गेल्यावर सहा महिन्यांनी.

लिहिण्याआधीची यादी

नोटीस पिरियड सुरू झाला की एका वहीत जे जे खटकलं ते लिहून काढा. वही स्वतःची असू द्या. ऑफिसची मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका आणि स्क्रीनचे फोटोही काढू नका. रोस्टरसारखी साधी फाइल असली तरी ती कंपनीची माहिती असते आणि बाहेर पाठवलेली मेल पकडणारी यंत्रणा आता बहुतेक मोठ्या ऑफिसांत असते. शेवटच्या आठवड्यात तेच प्रकरण अंगावर यायला नको. तारखा आठवायला तुमच्याच फोनमधल्या गोष्टी पुरतात. कोणत्या सोमवारी रिक्षाचे पैसे दिले, कोणत्या रात्री घरी ‘उद्या सकाळची शिफ्ट लागली’ असा मेसेज केला, हे तिथे सापडतं.

आमच्या डोंबिवलीच्या मुलाची यादी अशी होती. रोस्टर उशिरा येतं. सोमवारच्या हडलमध्ये, म्हणजे सकाळच्या छोट्या बैठकीत, चुका नाव घेऊन वाचल्या जातात. गणपतीत मागितलेली रजा नाकारली. पगारवाढ कमी मिळाली. मॅनेजर आवडत्या लोकांना चांगल्या शिफ्ट देतो. सुट्टीच्या दिवशी फोन येतात. सीनियरची जागा दुसऱ्याला दिली.

आता या यादीतल्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे. हे मी स्वतः पाहिलं का? हे मॅनेजरच्या हातात होतं का? माझ्या जागी उद्या जो येईल त्यालाही याचा त्रास होईल का? तिन्हींचं उत्तर हो असेल ती ओळ मॅनेजरच्या चौकटीत राहते.

गणपतीतली रजा इथे गळाली, कारण सणाच्या आठवड्यात टीममधली किती माणसं हजर हवीत हे त्या प्रोसेसमध्ये क्लायंटच्या करारानं ठरलेलं होतं. मॅनेजरने फक्त नकार कळवला होता. पगारवाढही गळाली. मॅनेजर शिफारस करतो, पण रक्कम वरच्या बजेटमध्ये बसवली जाते. या दोन्ही गोष्टी लिहायच्याच, पण ‘कंपनीची धोरणं’ किंवा ‘वेतन’ या चौकटीत. त्या मॅनेजरच्या नावावर टाकल्या की वाचणारा मनात म्हणतो, ‘हे तर त्याच्या हातातच नव्हतं’ आणि मग खालच्या खऱ्या तक्रारीकडेही तो त्याच संशयाने बघतो. सीनियरच्या जागेबद्दल त्याला फक्त निकाल माहीत होता, निवड कशी झाली ते माहीत नव्हतं. सुट्टीतले फोन आठवून पाहिले तर दोनच निघाले आणि दोन्ही वेळा खरंच अडचण होती. तीही ओळ त्याने स्वतःहून खोडली. आवडत्या लोकांचा मुद्दा थोडा थांबवून ठेवला, त्याच्याकडे पुढे येते.

उरले दोन मुद्दे, रोस्टर आणि हडल. दोन मुद्दे पुष्कळ झाले. सात मुद्द्यांच्या फॉर्ममधून वाचणाऱ्याच्या लक्षात सूर राहतो, दोन मुद्द्यांच्या फॉर्ममधून मुद्दे राहतात.

पहिला मसुदा आणि त्याची दुरुस्ती

त्याने पहिल्यांदा जे लिहिलं ते असं होतं:

‘माझा मॅनेजर पूर्णपणे अनप्रोफेशनल आहे. त्याला टीमच्या आयुष्याची काडीचीही पर्वा नाही. रोस्टर नेहमी शेवटच्या क्षणी येतं. आवडत्या लोकांना चांगल्या शिफ्ट आणि बाकीच्यांनी मरायचं. सगळी टीम वैतागली आहे, पण भीतीने कुणी बोलत नाही.’

यातला शब्द न् शब्द त्याला मनापासून वाटत होता. पण एचआरच्या खुर्चीत बसून वाचलं तर या पाच वाक्यांत तपासता येईल अशी एकही गोष्ट नाही. एकेक वाक्य घेऊ.

‘अनप्रोफेशनल आहे’ हा निकाल झाला. तो वाचणाऱ्याला देऊ द्या, तुम्ही पुरावा द्या. पुढचं लिखाण चांगलं असेल तर हा शब्द न लिहिताही वाचणारा तिथे पोचतो.

‘काडीचीही पर्वा नाही’ हे वाक्य मॅनेजरच्या मनाबद्दल आहे आणि त्याच्या मनात काय होतं ते आपल्याला माहीत नाही. कदाचित क्लायंटकडून पुढच्या आठवड्याच्या कामाचा अंदाजच शनिवारी रात्री येत असेल. लिखाण कडवट होतं ते मुख्यतः इथे, समोरच्याचा हेतू आपण ठरवायला लागतो तेव्हा. हेतूबद्दलची सगळी वाक्यं काढून टाका आणि त्याने काय केलं तेवढं ठेवा. तक्रार तेवढीच धारदार राहते, सूर मात्र बदलतो.

‘नेहमी’ हा शब्द धोक्याचा आहे. मॅनेजरने एक रोस्टर वेळेवर लावलेलं दाखवलं की तुमचं वाक्य खोटं ठरतं. ‘किमान पाच वेळा’ म्हटलं तर ते खोडून काढायला त्याला पाचही वेळांचा हिशेब द्यावा लागतो. नक्की आकडा आठवत नसेल तर ‘महिन्यातून दोनदा तरी’ चालेल. फुगवू नका. खात्रीने माहीत असलेला लहान आकडा अंदाजाच्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता ते आवडते लोक. मी त्याला विचारलं, ‘तू नक्की काय पाहिलंस?’ तो म्हणाला, ‘मला तीन महिन्यांत दोनच आठवडे दुपारची शिफ्ट मिळाली, बाकी सगळ्या पहाटेच्या. आणि शिफ्ट कशा ठरतात ते आम्हाला कधीच कळलं नाही.’ मग एवढंच लिहायचं. कोण आवडतं आणि कोण नावडतं हा अंदाज झाला. शिफ्ट वाटण्याची पद्धत टीमला माहीत नव्हती ही वस्तुस्थिती आहे आणि ती सुधारता येते.

‘सगळी टीम वैतागली आहे’ हे वाक्य मी कुणालाही ठेवू देत नाही. तुम्ही जाताय, बाकीचे आठ जण तिथेच राहणार आहेत. दुसऱ्या दिवशी मॅनेजर त्यांच्याकडे त्या नजरेने बघायला लागला तर त्याची किंमत ते मोजतील. शिवाय त्यांनी तुम्हाला त्यांच्या वतीने बोलायला सांगितलेलं नसतं.

दोन दिवसांनी त्याने आणलेला मसुदा हा:

‘टीमचं रोस्टर गुरुवारी लागणं अपेक्षित होतं. एप्रिल ते जून या काळात ते किमान पाच वेळा रविवारी रात्री नऊनंतर आलं. कॅबची नोंदणी रविवारी संध्याकाळी सहाला बंद होते. त्यामुळे त्या आठवड्यांत सोमवारी सकाळी साडेसहाच्या शिफ्टला मला कॅब मिळाली नाही. पहाटेची लोकल पकडून ठाण्याला उतरायचं आणि तिथून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ऐरोलीला यायचं, असं करावं लागलं. यात दोनदा उशीर झाला आणि दोन्ही वेळा लेटमार्क लागला. मे महिन्यात मी हे मॅनेजरना सांगितलं होतं. त्यानंतर दोन आठवडे रोस्टर शुक्रवारी आलं, मग पुन्हा उशीर होऊ लागला. क्लायंटकडून कामाचा अंदाज उशिरा येतो हे मला माहीत आहे. पूर्ण आठवड्याचं रोस्टर जमत नसेल, तर निदान सोमवार आणि मंगळवारच्या शिफ्ट शनिवारी दुपारपर्यंत नक्की व्हाव्यात, म्हणजे कॅब मिळेल. शिफ्ट कशा वाटल्या जातात हेही टीमला सांगितलं तर बरं होईल. या तीन महिन्यांत मला दुपारची शिफ्ट दोन आठवडे मिळाली आणि त्यामागची पद्धत मला माहीत नव्हती.’

इथे राग कुठेही दिसत नाही, पण मजकूर पहिल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. हा वाचल्यावर मला तीन कामं करता येतात. रोस्टर कधी लागलं त्या वेळा काढता येतात, त्या दोन लेटमार्कच्या तारखा त्यांच्याशी ताडून बघता येतात आणि कॅबची वेळ पुढे ढकलता येईल का हे ट्रान्सपोर्टला विचारता येतं. शेवटची गोष्ट त्याला सुचलीही नव्हती, पण त्याने संध्याकाळी सहाची वेळ लिहिली म्हणून माझ्या लक्षात आली.

या लिखाणाचा सांगाडा सोपा आहे. आधी प्रसंग, मग मॅनेजरने काय केलं, मग त्याचा परिणाम. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने ही पद्धत रूढ केली आणि मॅनेजरांना फीडबॅक द्यायला शिकवताना बऱ्याच कंपन्या हीच वापरतात. म्हणजे तुमचा फॉर्म वाचणाऱ्याला हा आकार ओळखीचा असतो. मी त्यात दोन गोष्टी जोडायला सांगते. तुम्ही हे आधी बोलला होतात का, आणि काय बदललं तर पुरेल. ‘आधी सांगितलं होतं का?’ हा एचआरचा पहिला प्रश्न असतोच. सांगितलं नसेल तर तसंच लिहा, ‘मी हे त्यांच्याशी थेट बोललो नाही’. त्याने मुद्दा कमकुवत होत नाही. लपवलंत आणि मॅनेजरने ‘मला कधी बोललाच नाही’ म्हटलं, तर मात्र होतो.

अपमानाबद्दल लिहिताना

रोस्टरला तारीख असते, वेळ असते. हडलमध्ये जे झालं त्याला तसं काही नसतं, म्हणून ते लिहिणं जास्त अवघड. सोमवारी सकाळी सगळे उभे राहून पाच-दहा मिनिटं बोलायचे. मॅनेजर आदल्या आठवड्यातल्या चुका नावानिशी वाचायचा. या मुलाने आधी लिहिलं होतं, ‘मुद्दाम सगळ्यांसमोर अपमान करतो.’

‘मुद्दाम’ गेलंच पाहिजे, ते कळलं असेल. पण अपमान? तो ठेवायचा, मात्र स्वतःच्या बाजूने. ‘मला अपमान वाटला’ हे तुमच्याबद्दलचं वाक्य आहे आणि ते कुणी खोडून काढू शकत नाही. ‘त्याने अपमान केला’ म्हटलं की वाद सुरू होतो. आणि उच्चारलेले शब्द आठवत असतील तर ते जसेच्या तसे लिहा, स्वतःचं विशेषण न लावता. त्याच्या अंतिम मसुद्यात हा भाग असा होता:

‘सोमवारच्या हडलमध्ये आदल्या आठवड्याच्या चुका नाव घेऊन वाचल्या जातात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझी चूक वाचताना “एवढंही समजत नाही का?” असं विचारलं गेलं. मला अपमान वाटला. त्यानंतर एखाद्या दाव्याबद्दल शंका आली तरी मी मॅनेजरना विचारणं टाळू लागलो आणि स्वतःच्या अंदाजाने निर्णय घेऊ लागलो. त्यातले काही दावे ऑडिटमध्ये परत आले. चुकांचे प्रकार हडलमध्ये सांगून नावं वैयक्तिक बैठकीत सांगितली, तर लोक शंका विचारत राहतील.’

यातलं ‘विचारणं टाळू लागलो’ हे वाक्य फार मोलाचं आहे. लोक सहसा परिणाम म्हणून ‘मनोबल खचलं’ असं काहीतरी लिहितात आणि ते कुणाच्याही फॉर्ममध्ये बसतं. इथे मात्र कळतं की एका सवयीमुळे टीममध्ये शंका विचारणं बंद होतंय आणि चुका वाढताहेत. मॅनेजरच्या वरचा माणूस इथे थांबून वाचतो, कारण परत आलेल्या दाव्यांचा हिशेब त्याला द्यावा लागतो. तुमच्या बाबतीतला परिणाम शोधताना हेच विचारा: त्या प्रसंगानंतर मी काम करताना काय वेगळं करू लागलो? काय करायचं सोडलं?

चांगलं काही असेल तर

हाच मॅनेजर या मुलाच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी दोन दिवस त्याच्या वाटणीचे दावे स्वतः तपासत बसला होता. मी विचारेपर्यंत त्याने ते लिहिलं नव्हतं, कारण रागात ते आठवलंच नाही. त्याने एक ओळ जोडली आणि सगळा फॉर्म विश्वासार्ह झाला. खरं आणि नेमकं असेल तर लिहा. नसेल तर ओढूनताणून ‘मार्गदर्शन चांगलं मिळालं’ असं लिहू नका. ते लगेच ओळखू येतं.

गुणांची गफलत

मजकूर जपून लिहायचा आणि वरचे गुण घाईत द्यायचे, असं फार होतं. संकोच म्हणून सगळीकडे पाच दिले, तर तुमची चौकट कदाचित कुणी उघडणारही नाही. बऱ्याच ठिकाणी तिमाही अहवालात आधी आकडे जातात आणि आकडा खाली दिसला तरच मजकूर वाचला जातो. रागाने सगळीकडे एक दिला, तर वडिलांच्या ऑपरेशनची ओळ आणि तो एक यांचा मेळ बसत नाही. प्रत्येक प्रश्न सुटा घ्या. आमच्या मुलाने कामाच्या नियोजनाला दोन दिले, चुका सांगण्याच्या पद्धतीला दोन, अडचणीत मिळालेल्या मदतीला पाच आणि काम शिकवण्याला चार. एवढ्या आकड्यांवरूनच मॅनेजर कुठे कमी पडतो आणि कुठे नाही ते समजतं.

फॉर्म बहुतेक वेळा इंग्रजीत भरावा लागतो. आधी मराठीत लिहा, मग लहान वाक्यांत इंग्रजी करा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की कानावर पडलेले तयार शब्द आपोआप येतात: टॉक्सिक, मायक्रोमॅनेजमेंट, हॅरॅसमेंट. यातला शेवटचा शब्द एचआरने वाचला की वेगळी चौकशी सुरू करावी लागू शकते. तुम्हाला तेच म्हणायचं असेल तर जरूर लिहा, नाहीतर टाळा.

दोन्ही मुद्दे मिळून अडीचशे शब्दांच्या आसपास संपले पाहिजेत. भांडण झालं त्या दिवशी फॉर्म भरू नका. मसुदा एक रात्र ठेवा आणि ऑफिसबाहेरच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. त्याला विचारायचा प्रश्न एकच, ‘लिहिणाऱ्याला काय हवंय असं वाटतं?’ उत्तर ‘रोस्टर लवकर हवंय’ असं आलं तर पाठवा. ‘मॅनेजरला धडा शिकवायचाय’ असं आलं, तर हेतूबद्दलचं एखादं वाक्य अजून आत शिल्लक आहे, ते शोधा.

समोरासमोर बसल्यावर

बैठकीत तुमचा फॉर्म समोर असतो आणि एचआर त्यावरून प्रश्न विचारते. ‘मग मॅनेजरमुळेच सोडताय का?’ हा प्रश्न येणारच. प्रमाण सांगा. या मुलाचं उत्तर होतं, ‘पगार हे पहिलं कारण. पण रोस्टर वेळेवर आलं असतं तर मी बाहेर शोधायला सहा महिने तरी उशिरा सुरुवात केली असती.’ इतकं प्रामाणिक उत्तर क्वचित मिळतं आणि ते मी जसंच्या तसं नोंदवलं.

‘अजून कुणाला असा त्रास आहे का?’ असं विचारलं तर नावं घेऊ नका. ‘त्यांच्या वतीने मी बोलणं बरोबर नाही. तुम्ही टीमशी वेगळं बोललात तर बरं होईल,’ एवढं म्हणा. एचआरने मॅनेजरची बाजू घेतली, ‘त्यांच्यावरही प्रेशर असतं हो’ असं म्हटलं, तर वाद घालू नका. ‘असेल. मी काय झालं आणि त्याने काय अडलं तेवढं सांगतोय,’ म्हणा आणि पुढे जा. बोलताना आवाज चढायला लागला किंवा डोळे भरून आले तर पाणी मागा, दोन मिनिटं थांबा. आम्हाला ते नवीन नसतं आणि त्याची नोंद कुणी करत नाही.

वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या लहान युनिटमध्ये वेगळा एचआर नसतोच. अकाउंट्स बघणारे काका क्लिअरन्सची सही करतात आणि मालकच मॅनेजर असतात. तिथे लेखी फॉर्मच्या फंदात पडू नका. हिशेबाचा चेक आणि रिलीव्हिंग लेटर हातात आल्यावर, त्यांनी विचारलं तर, एकच मुद्दा तोंडी सांगा, तोही सूचनेच्या रूपात: ‘साहेब, नवीन मुलगा येईल त्याला शिफ्ट दोन दिवस आधी कळली तर बरं पडेल.’

या फॉर्ममध्ये काय घालू नये

काही गोष्टी फीडबॅकच्या पलीकडच्या असतात आणि त्या एक्झिट फॉर्मवर सोडून दिल्या तर तुमचंच नुकसान होतं. लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे लेखी करावी लागते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अशी समिती असणं बंधनकारक आहे. मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांची आहे आणि सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. फॉर्ममध्ये ओझरता उल्लेख केला म्हणजे तक्रार झाली असं समजून स्वस्थ बसू नका. नोकरी सोडल्यावरही मुदतीत असाल तर तक्रार करता येते. थकलेला पगार, पीएफ न भरणं, शिवीगाळ किंवा जातीवरून बोलणं यांनाही आपापली जागा आहे. त्यासाठी वेगळी लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

मॅनेजरने विचारलं तर

शेवटच्या दिवशी, केक कापून झाल्यावर किंवा खाली चहाच्या टपरीवर, मॅनेजर हमखास विचारतो, ‘काय रे, माझ्याबद्दल काय लिहिलंस?’ टाळू नका आणि खोटंही बोलू नका. ‘दोन गोष्टी लिहिल्या. रोस्टर शनिवारपर्यंत यावं आणि हडलमध्ये नावं घेऊ नयेत. आणि बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही माझं काम केलंत, तेही लिहिलंय.’ यापलीकडे खुलासा करायची गरज नाही. त्याने रोस्टरबद्दल स्पष्टीकरण द्यायला सुरुवात केली तर ऐकून घ्या. तो चिडला तरी उत्तर हेच ठेवा आणि संध्याकाळी एचआरला एका ओळीची मेल करून कळवा की मॅनेजरनी फॉर्मबद्दल विचारलं होतं आणि मी हे उत्तर दिलं. ऑफिसची मेल बंद होण्याआधी ती मेल गेली पाहिजे, कारण शेवटच्या दिवशी लॉगिन बऱ्याचदा सहा वाजताच बंद होतं.